मॅपिंगआधी जुनी प्रगतिपुस्तकं शोधा

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे, सेमी-इंग्लिश, सकाळी सातची शाळा. डिसेंबरात नऊ पूर्ण झाली. डायरीत रोज शेरा असतो: वही अपूर्ण, बोलतो, जागेवरून उठतो. ओपन डेला बाई म्हणाल्या, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचळवळीचा त्रास वाटतो, दाखवून घ्या. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर तिथे वीस मिनिटं फिशटँक बघत शहाण्यासारखा बसला. ते म्हणाले, काही नाही, वय आहे. सासूबाई म्हणतात, याचा बाप अस्साच होता. मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं? एका सेंटरमध्ये मेंदूचं मॅपिंग करायला सांगितलंय, बारा हजार रुपये. वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण. अभ्यासाला रोज रात्रीचे साडेदहा वाजतात आणि शेवटी माझा हात उठतो. मॅपिंग करू का? तपासणी नक्की कशी करतात? आणि गोळ्या द्याव्याच लागतात का?
— एक आई, भांडुप

ताई, ते बारा हजार आधी कपाटात ठेवा. एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही, आणि मॅपिंगच्या लाल-निळ्या चित्रांवरूनही हे निदान ठरत नाही. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, मी अशा मुलांत काढायला सांगते तो एकाच शंकेपोटी: मूल ‘हरवतं’ ते विचारात हरवतं की ती फिट असते? लहान मुलांत एक फिट अशी असते की मूल पडत नाही, झटके येत नाहीत. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटतं, पाच-दहा सेकंद डोळे थिजतात, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ते पुढे बोलू लागतं. त्या वेळी हाताला धरून हलवलं तरी ते भानावर येत नाही. खिडकीबाहेर बघत बसलेलं मूल खांद्यावर हात ठेवला की दचकून वळतं. तुमचा मुलगा हात लावल्यावर वळत असेल तर ईईजीचीही घाई नाही.

फिशटँकबद्दल. तुमच्या डॉक्टरांना दोष देत नाही, पण दवाखान्यात मूल कसं बसलं यावर काहीच ठरत नाही. नवी जागा, अनोळखी माणूस, थोडी भीती, समोर हलणारे मासे, आणि दोन मोठी माणसं फक्त त्याच्याकडे बघतायत. खरा एडीएचडी असलेली मुलंसुद्धा इतक्या वेळापुरती अगदी गुणी दिसतात. माझ्याही केबिनमध्ये दिसतात. उलट दीड तास नंबराची वाट बघून कंटाळलेलं साधं मूल माझ्या टेबलाखाली शिरलेलं असतं.

मोबाइलचंही तसंच. तिथे दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी फुटतं, वाजतं, गुण मिळतात. लक्ष धरून ठेवायचं काम तो खेळच करतो, मुलाला काही करावं लागत नाही. एडीएचडीत कमी पडते ती दुसरीच ताकद: कंटाळवाणं, लांबलचक, ज्याचं फळ उद्या-परवा मिळणार आहे अशा कामावर स्वतःच्या जोरावर लक्ष नेणं आणि भरकटलं तर परत आणणं. फळ्यावरचे बारा ओळींचे प्रश्न वहीत उतरवणं हे तसं काम. म्हणून मोबाइलवर दोन तास बसणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही. असल्याचाही नाही, कारण मोबाइलवर सगळीच मुलं बसतात.

मग साधा वांडपणा आणि हे, यातला फरक कुठे दिसतो? बहुतेक पालक अभ्यासात शोधतात. मी आधी खेळात शोधते. नावडत्या अभ्यासातून निसटणं कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाला जमतं. पण साधं चळवळं मूल गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपली बॅटिंग येईपर्यंत थांबतं, कारण तिथे त्याला राहायचं असतं. एडीएचडी असलेलं मूल तिथेही गोत्यात येतं. फिल्डिंगला उभं केलं की कुत्र्याच्या पिल्लामागे जातं आणि चेंडू त्याच्या शेजारून जातो. पाळी नसताना बॅट हिसकावतं. आऊट झाल्यावर बाकीचे पाच मिनिटं भांडून मोकळे होतात, हे मात्र अजून स्टंप उपटून उभं असतं. चार दिवसांनी पोरं त्याला खेळायला हाक मारणं सोडतात. जे काम त्याला मनापासून हवं आहे तेही हातचं जातंय का, हे बघा. मी पहिल्या भेटीत आयांना विचारते की यंदा किती वाढदिवसांना बोलावणं आलं. उत्तराआधी त्या थांबल्या की पुढचं मला बरंचसं कळतं.

त्यानंतरचा प्रश्न, हे कधीपासून. वैद्यकाचा नियम असा की यातली काही लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली हवीत, सलग सहा महिने तरी टिकलेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. प्रत्यक्षात खऱ्या एडीएचडीचा माग बालवाडीपर्यंत लागतो. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं काढा, माळ्यावर असतील. पहिलीच्या बाईंनी ‘हुशार आहे पण चंचल’, ‘काम पूर्ण करत नाही’ असं लिहिलं असेल तर ती ओळ मॅपिंगपेक्षा मोलाची. पण पहिली-दुसरीचे शेरे चांगले असतील आणि सगळं यंदा जूनपासूनच सुरू झालं असेल, तर मी एडीएचडी बाजूला ठेवून विचारीन की जूनमध्ये काय बदललं. वर्ग, बस, शेजारी बसणारा मुलगा, घरातली भांडणं, कुणाचं आजारपण?

सासूबाईंचं वाक्य मात्र मी फाइलमध्ये लिहून घेते. त्या ते ‘काही झालेलं नाही’ या अर्थाने म्हणतात, मला ते उलटं ऐकू येतं. हा प्रकार घराण्यात चालतो, जवळजवळ उंचीइतका. एका मुलाला असेल तर आई किंवा बापालाही असण्याची शक्यता बरीच. सासूबाईंना चहा देऊन शांतपणे विचारा की बाप शाळेत असताना त्याच्यामागे कोण लागायचं, किती छत्र्या हरवल्या, दहावीला कुणी बसवलं. बहुतेक वेळा असं निघतं की तो आपोआप सुधारला नव्हता. कुणीतरी रोज त्याच्या शेजारी बसलं होतं.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी, ज्यांकडे बाईंचं लक्ष गेलेलं नसणार. पहिली म्हणजे डिसेंबर. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे तुमचा मुलगा वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी आहे. शेजारी बसलेला जानेवारीतला मुलगा त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठा असू शकतो, आणि नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने पुष्कळ होतात. वर्गातल्या लहानांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो हे अनेक देशांत दिसलेलं आहे. त्याची तुलना वर्गाशी नको, त्याच्या वयाशी करायला हवी, आणि हे तपासणाऱ्याला तुम्हीच आठवण करून द्या.

दुसरी गोष्ट झोप. अभ्यास साडेदहाला संपतो, मग आवरून, रडून-भांडून झोपायला अकरा. सातची शाळा म्हणजे सहाला उठणं आलं. सात तास झाले. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. झोप कमी पडलेलं मोठं माणूस पेंगतं, मूल पेंगत नाही, ते वळवळतं, चिडतं, विसरतं. अगदी एडीएचडीसारखं. म्हणून कुठलेही फॉर्म भरण्याआधी तीन आठवडे नऊला दिवा बंद. अभ्यास राहिला तर राहू दे, बाईंना चिठ्ठी लिहा. एका खोलीत हे सोपं नाही, टीव्ही नि सगळ्यांची जेवणं अर्धा-पाऊण तास अलीकडे सरकवावी लागतील, पण हा खर्च बारा हजारांचा नाही. या तीन आठवड्यांत रात्री त्याच्याजवळ कान देऊन ऐका. रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडमुळे रात्रभर झोप तुटत असते आणि दिवसा मूल ‘हायपर’ दिसतं.

तीन आठवड्यांनी शेरे तसेच राहिले तर तपासणी. ती एका दिवसात होत नाही, दोन-तीन भेटी लागतात. पहिली भेट जवळजवळ सगळी बोलण्यात जाते: गरोदरपण, बाळंतपण, पहिली पावलं, बोलणं, बालवाडी, घरातली माणसं. नजर आणि कान तपासून घेतले जातात, कारण फळा न दिसणारं मूल फळ्यावरचं उतरवत नाही यात नवल नाही. रक्तक्षय, थायरॉइड यांच्या तपासण्या लक्षणं असतील तरच.

मग फॉर्म. व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली बरीच वापरली जाते, एक पालकांसाठी आणि एक शिक्षकांसाठी. तिच्या सुरुवातीला लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं असतात आणि अतिचळवळ-उतावळेपणाची नऊ. प्रत्येकासमोर ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘बऱ्याचदा’, ‘सतत’ असे चार पर्याय. ‘कधी कधी’ मोजत नाहीत. शेवटच्या दोन रकान्यांत नऊपैकी सहा खुणा पडल्या तर तो गट भरला, आणि त्याशिवाय वाचन-लेखन, मैत्री, वर्गातलं वागणं अशा कशात तरी त्याचं नुकसान होतंय हेही फॉर्ममध्ये दिसायला हवं. जूनमध्ये नव्या बाईंकडून हा फॉर्म भरून घेण्यात अर्थ नसतो, त्यांनी मुलाला पाहिलेलंच नसतं. तुमच्या बाई त्याला वर्षाच्या सुरुवातीपासून ओळखतात, तेव्हा ही वेळ चांगली आहे. नवऱ्याने आणि तुम्ही वेगवेगळा भरा, एकमेकांचा न बघता. आणि हेही सांगते की फॉर्म म्हणजे चाळणी. निदान फॉर्म करत नाही.

ते मला गिरगावातल्या एका मुलाने शिकवलं. त्याला ओम म्हणू, नाव बदललं आहे. तिसरीत, साडेआठ वर्षांचा. बाईंच्या फॉर्ममध्ये लक्षाच्या नऊपैकी आठ खुणा, चळवळीच्या चार. आईच्या फॉर्ममध्ये लक्षाच्या दोन, चळवळीची एक. मी आधी आईवरच संशय घेतला. वाटलं, ही मुलाला पाठीशी घालतेय. तिला दुसऱ्यांदा फॉर्म दिला, तिने तोच भरला, आणि जाताना म्हणाली, ‘मॅडम, तो माझ्याबरोबर दोन तास बसून गणपतीच्या मखराची कातरकामं करतो.’ तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवला आणि वह्या मागवल्या. गणिताची वही जवळजवळ पूर्ण होती. मराठीची आणि इंग्रजीची अर्धी. बाईंना विचारलं की तो जागेवरून कधी उठतो. त्यांनी आठवडाभर खुणा केल्या तर उठण्याच्या, पाणी प्यायला जाण्याच्या, शेजाऱ्याला ढोसण्याच्या बहुतेक वेळा धडा वाचायच्या तासाला होत्या. माझ्यासमोर दुसरीचं पुस्तक वाचायला दिलं. ‘चंद्र’ या शब्दापाशी अडला, ‘चद’ म्हणाला, मग चित्राकडे बघून ‘चांदोबा’ म्हणून पुढे गेला. तोच धडा मी वाचून दाखवला तर सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

दोन फॉर्ममधली तफावत म्हणजे कुणाचा खोटेपणा नव्हता, तेच उत्तर होतं. त्रास एकाच ठिकाणी होता, शाळेत, आणि तिथेही एकाच प्रकारच्या कामाला. मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या झाल्या. बुद्धी चांगली, वाचन जवळजवळ दोन इयत्ता मागे. ती शिकण्याची विशिष्ट अक्षमता होती, एडीएचडी नव्हे. आठवड्यातून तीन वेळा विशेष शिक्षिकेकडे जोडाक्षरांपासून सुरुवात झाली. वर्षभराने त्याच शाळेतून आलेल्या फॉर्मवर लक्षाच्या तीनच खुणा होत्या, आणि औषध काही दिलेलं नव्हतं.

मात्र अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतं, म्हणून एक सापडलं की दुसरं शोधायचं थांबवायचं नसतं. याचा कागदोपत्रीही फरक पडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत शिकण्याची विशिष्ट अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तेव्हा पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक असं काही लागलं तर बहुतेकदा अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा आधार होतो. ते आठ वर्षांनंतरच मिळतं. तुमच्या मुलाचं वय बसतं, म्हणून त्या चाचण्याही याच फेरीत करून घ्या. भांडुपहून तुम्हाला सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचं, परळचं केईएम किंवा मुंबई सेंट्रलचं नायरही चालेल. ही महापालिकेची रुग्णालयं आहेत, केस पेपरचा खर्च किरकोळ. वेळ लागतो, तारखा लांबच्या मिळतात, पण तपासणी धड होते.

तारीख येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. निदान काहीही निघो, शाळेचं रोजचं कार्ड आजपासून सुरू करता येतं. डायरीतल्या लाल शेऱ्याने काही का होत नाही? कारण तो दिवस संपल्यावर येतो, आणि फक्त काय चुकलं ते सांगतो. अशा मुलांना काय बरोबर झालं ते लगेच, दिवसातून तीन-चारदा कळावं लागतं.

कार्डावर तीनच गोष्टी लिहा, मोजता येतील अशा. ‘नीट वागला’ ही मोजता येत नाही. ‘फळ्यावरचं निम्मं तरी उतरवलं’, ‘बोलण्याआधी हात वर केला’, ‘न विचारता जागा सोडली नाही’ या येतात. शाळेच्या दिवसाचे तीन भाग करा: छोट्या सुट्टीपर्यंत, मोठ्या सुट्टीपर्यंत, शाळा सुटेपर्यंत. तीन गोष्टी, तीन भाग, नऊ खुणा. बाईंच्या वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, त्यांच्याकडून निबंध मागू नका. बरोबर किंवा रिकामं, एवढंच. बाईंना भेटाल तेव्हा ‘तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवत नाही’ असं चुकूनही निघू देऊ नका. ‘तुम्हीच पहिल्यांदा हे ओळखलंत, आता मला दिवसातून तीनदा खुणा करायची मदत करा’ असं म्हणा. ते खरंही आहे.

पहिला आठवडा बक्षीस नाही, फक्त मोजायचं. समजा सरासरी चार खुणा आल्या. मग दुसऱ्या आठवड्याचं लक्ष्य पाच. नऊ नाही. इथेच बहुतेक घरांत गाडी घसरते: आईबाप नऊपासून सुरुवात करतात, मूल पहिल्या दोन दिवसांत हरतं आणि कार्ड शाळेतून ‘हरवायला’ लागतं. पाचपैकी चार दिवस तो जिंकला पाहिजे इतकं लक्ष्य खाली ठेवा. सलग दोन आठवडे सहज जमलं की एकाने वाढवा. बक्षीस त्याच संध्याकाळी, रविवारी नाही. रविवार त्याच्यासाठी पुढच्या वर्षाइतका लांब आहे. पैसे नकोत. बाबांबरोबर वीस मिनिटं क्रिकेट, उद्याच्या डब्यात काय हे ठरवायचा मान, झोपताना एक जादा गोष्ट. मिळवलेलं बक्षीस दुसऱ्या गुन्ह्यासाठी काढून घेऊ नका, संध्याकाळी कप फोडला तरी सकाळच्या पाच खुणा त्याच्याच. दोन-तीन आठवड्यांनी बक्षिसांचा कंटाळा येतो आणि कार्ड ‘बंद पडलं’ असं वाटतं. तेव्हा कार्ड तेच ठेवा, बक्षीस बदला. आणि कार्ड सुटं देऊ नका, डायरीत चिकटवा.

बाईंकडे आणखी दोनच गोष्टी मागा. जागा पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून लांब आणि शांत मुलाशेजारी. आणि शिक्षा म्हणून सुट्टी किंवा पीटीचा तास कापायचा नाही, कारण पळून-खेळून आलेलं मूल पुढचा तास जास्त बसतं.

घरचा अभ्यास खेळून आल्यानंतर आणि जेवणाआधी. एकदम तास नाही, दहा मिनिटं काम, तीन मिनिटं उठणं. काटे दिसणारं घड्याळ समोर ठेवा, या मुलांना ‘थोडा वेळ’ म्हणजे किती हे आतून कळत नाही. एका वेळी एकच सूचना, आणि तीही स्वयंपाकघरातून ओरडून नाही, जवळ येऊन. पाऊण तास झाला की वही बंद, झालं असेल तेवढं झालं, वर तुमची सही. हात उठण्याबद्दल मी तुम्हाला भाषण देणार नाही. रात्री साडेदहाला, दिवसभराच्या कामानंतर, पाचव्यांदा तेच सांगताना कुणाचाही उठेल. ती वेळच काढून टाका, पुष्कळसा प्रश्न तिथे सुटतो.

गोळ्यांचं म्हणाल तर, द्याव्याच लागतात असं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत आम्ही आधी पालकांचं प्रशिक्षण घेतो. नऊव्या वर्षी निदान पक्कं असेल आणि नुकसान मोठं असेल, तर औषध आणि वर सांगितलेले उपाय सोबत सुचवले जातात. सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मेथिलफेनिडेट. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू होते आणि साधारण चार तास टिकते. ती झोपेची गोळी नाही. मूल सुन्न, गप्प, ‘रोबोसारखं’ झालं तर मात्रा जास्त झाली आहे असं समजून लगेच डॉक्टरांना सांगायचं. भूक कमी होते, दुपारचा डबा तसाच परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि रात्री नीट जेवण. सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब नोंदवतात आणि घरात कुणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेलं आहे का हे विचारतात. नाही विचारलं तर तुम्ही सांगा. कायद्याने हे औषध कडक यादीत आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि प्रत्येक मेडिकलवाल्याकडे ते मिळत नाही. तो नाही म्हणाला तर घाबरू नका. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे, पण त्याचा गुण दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत बंद करून टाकू नका. गुण आला की नाही हे आईच्या मनावर किंवा माझ्या केबिनवर ठरवायचं नसतं. बाईंनी पुन्हा भरलेला तोच फॉर्म आणि कार्डावरच्या खुणा सांगतात.

तुमच्या मुलाला एडीएचडी आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही. तारीख मिळाली की तिन्ही वर्षांची प्रगतिपुस्तकं, यंदाच्या गणिताच्या आणि भाषेच्या वह्या, तीन आठवड्यांची झोपेची नोंद आणि कार्डं एका पिशवीत घालून घेऊन जा. आणि त्या दिवशी नवऱ्याने सुट्टी काढावी. डॉक्टरांना अर्धी हकिगत त्याच्या लहानपणाची लागणार आहे.